हॉटेलच्या वेबसाईटवरची रूमची वर्णनं नीट कशी करायची (टेप, बादली आणि वहिनींचा फोन)

गुहागरला एक ११ रूमचं हॉटेल आहे, नाव सांगत नाही कारण पुढं त्यांच्या चुका येणारेत आणि माणसं चांगलीयेत. मागच्या दिवाळीनंतर त्यांनी मला वेबसाईटचा मजकूर 'जरा पॉलिश' करून द्यायला सांगितलं. मला वाटलं दोन दिवसांचं काम असेल, घरबसल्या होईल. झाले नऊ दिवस आणि त्यातले तीन दिवस मी तिथं टेप घेऊन फिरत होतो. तर ते काम कसं केलं ते क्रमानं लिहितोय, कारण छोट्या हॉटेलवाल्यांचे आणि त्यांच्या साईट करणाऱ्या पोरांचे प्रश्न साधारण हेच असतात.

आधी जुना मजकूर बघा, डिलक्स रूमचा:

"निसर्गाच्या कुशीत वसलेल्या आमच्या प्रशस्त, आलिशान व सर्व सुखसोयींनी युक्त डिलक्स सी व्ह्यू रूममध्ये आपले मनःपूर्वक स्वागत. समुद्राचे विहंगम दृश्य, आरामदायी बेड, अत्याधुनिक बाथरूम आणि प्रसन्न वातावरण आपली सुट्टी अविस्मरणीय करेल."

स्टँडर्ड रूमचा मजकूर जवळपास हाच, फक्त 'कुशीत'च्या जागी 'सान्निध्यात' आणि 'आलिशान'च्या जागी 'सुसज्ज'. फॅमिली रूमचं वर्णन मात्र एकदम वेगळं, तिथं वाक्यंच नाहीत, २३ गोष्टींची यादी, आणि त्यात बाथटब. हॉटेलात बाथटब कुठंच नाही! साईट बनवणाऱ्यानं कुठल्यातरी तयार साच्यातून यादी उचलली होती आणि बाथटब काढायचा राहिला, चार वर्षं तसाच होता.

मी मालकांना एक प्रयोग करायला सांगितला. तिन्ही वर्णनं रूमचं नाव झाकून छापली आणि विचारलं, दादा, यातली फॅमिली कुठली, डिलक्स कुठली? फॅमिली त्यांनी बाथटबवरून ओळखली. बाकी दोनात चुकले. स्वतःच्या हॉटेलात.

फोनवर लोक काय विचारतात तिथून सुरुवात

लिहायला लगेच बसू नका. बुकिंगचा फोन जो उचलतो त्याच्या शेजारी आधी बसा. इथं फोन वहिनी उचलतात, व्हॉट्सअ‍ॅपही त्यांच्याकडंच. त्यांचे मागच्या दोन महिन्यांचे साठेक चॅट आम्ही बसून वाचले आणि प्रत्येक प्रश्न वहीत उतरवला, परत तोच प्रश्न आला की पुढं एक रेघ मारायची. संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झालं. सगळ्यात जास्त रेघा 'आम्ही दोघं आणि दोन मुलं, एका रूममध्ये होईल का' याला, मग 'आईला जिना चढवत नाही, खाली रूम आहे का', मग 'समुद्र रूममधून दिसतो का', 'कमोड आहे ना', 'गरम पाणी किती वाजेपर्यंत', 'लाईट गेली तर काय'. पार्किंग, मासे मिळतात का, बीचवर गाडी जाते का असेही भरपूर होते, पण ते सगळ्या हॉटेलचे प्रश्न झाले, रूमचे नाहीत, त्यामुळं ते वेगळ्या पानावर टाकायचे. ही वाटणी पहिल्याच दिवशी करून टाका, नाहीतर प्रत्येक रूमखाली 'गुहागरचा रम्य समुद्रकिनारा' परत परत येत राहतो आणि वाचणाऱ्याला रूमबद्दल काहीच कळत नाही.

आता यातली खरी गंमत. प्रश्न वहीत उतरवत असताना वहिनींना एक फोन आला आणि त्या बोलत होत्या ते मी ऐकत होतो: "हो हो, पलंग मोठाय, सहा बाय साडेसहा, तुम्ही दोघं आणि धाकटी मधे आरामात झोपाल, मोठ्याला खाली गादी देऊ. पण गादी टाकली की बाल्कनीचं दार निम्मंच उघडतं हां, ते आधीच सांगते." एवढं चांगलं रूमचं वर्णन मी आयुष्यात वाचलं नव्हतं. वेबसाईटवर हेच हवं, थोडं आवरून. तुमच्या हॉटेलातही फोनवर बोलणारं माणूस असं बोलतच असणार, त्यांची परवानगी घेऊन एखाददोन कॉल रेकॉर्ड करून ठेवा, लिहिताना अडलात की ऐका.

टेप घेऊन प्रत्येक रूममध्ये

प्रत्येक प्रकारच्या रूममध्ये नव्हे, प्रत्येक रूममध्ये. हे अकराच्या अकरा वेळा कंटाळवाणं होतं पण यातच सगळं बाहेर येतं. एक शीट करा, प्रत्येक रूम नंबरला एक ओळ, आणि फोनवरच्या प्रश्नांवरून रकाने. पाच मीटरची टेप, सोबत एक माणूस टेपचं दुसरं टोक धरायला.

माप कसं घ्यायचं ते आधी ठरवा, कारण सगळ्यात जास्त खोटं इथंच लिहिलं जातं आणि बऱ्याचदा मुद्दाम नाही. या हॉटेलच्या साईटवर डिलक्स रूम '२८० स्क्वेअर फूट' होती. आम्ही मोजली तर झोपायची खोली १४ फूट बाय ११ फूट, म्हणजे १५४. बाथरूम ७ बाय ५, म्हणजे ३५. बाल्कनी १० बाय ४, ४० झाले. सगळं धरून २२९. मग २८० आले कुठून? बांधकामाच्या वेळच्या नकाशातून, त्यात भिंतींची जाडी आणि बाहेरच्या पॅसेजचा हिस्सा धरलेला होता. दादांनी तो आकडा मनापासून खरा मानून दिला होता. आम्ही नियम असा केला की भिंतीच्या आतून आतून मोजायचं, फक्त झोपायच्या खोलीचं, बाथरूम आणि बाल्कनी वेगळी लिहायची, अर्धा फूट इकडंतिकडं झाला तर खाली उतरवायचा. '१४ बाय ११ फूट' असं लांबीरुंदीत लिहिलेलं मला 'स्क्वेअर फूट'पेक्षा बरं वाटतं, कारण आपल्याकडं माणसाला १४ बाय ११ म्हटलं की स्वतःच्या घरातली हॉलची भिंत डोळ्यासमोर येते, १५४ म्हटलं की काहीच येत नाही.

पलंगाची मापं गादीची घ्या, लाकडी फ्रेमची नको. दुकानात किंग म्हणून जे मिळतं ते साधारण ७२ इंच रुंद आणि क्वीन ६० इंच, पण इथं स्टँडर्ड रूममधले पलंग गावातल्या सुतारानं केलेले, रुंदी ६६ इंच, म्हणजे किंगही नाही आणि क्वीनही नाही. अशा वेळी इंग्लिश नाव देऊच नका. 'साडेपाच बाय साडेसहा फुटांचा डबल बेड' लिहा, संपलं.

जादा गादी खरोखर अंथरून बघा. हे कोणी करत नाही. आम्ही डिलक्समध्ये गादी टाकली तेव्हा वहिनी फोनवर सांगत होत्या तेच दिसलं, बाल्कनीचं दार अडकतं. स्टँडर्डमध्ये टाकली तर बाथरूमला जायला नऊ इंच जागा उरते, रात्री कोणीतरी कोणावर तरी पाय देणार. म्हणजे साईटवर जे 'क्षमता ३' लिहिलंय ते स्टँडर्डला लागू नाही. तिथं आम्ही 'दोन मोठे आणि पलंगावरच झोपेल असं एक लहान मूल' असं केलं. दादांना आधी पटलं नाही, तिसऱ्या माणसाचे पैसे जातात म्हणाले, मग मी त्यांनाच त्या गादीवरून बाथरूमला जाऊन दाखवायला लावलं.

गरम पाण्याला बादली लागते. 'चोवीस तास गरम पाणी' असं लिहिलेलं होतं आणि एका पाहुण्यानं रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं की तिसऱ्या माणसाला गार पाण्यानं आंघोळ करावी लागली. दोघंही खरंच बोलत होते. गिझर १५ लिटरचा, चोवीस तास चालू करता येतो, पण आम्ही कोमट पाण्याच्या बादल्या भरून पाहिलं तर एका दमात साधारण दोन भरतात, मग परत तापायला पंधरावीस मिनिटं. आता हे असंच्या असं लिहिता येतं: '१५ लिटर गिझर, एकापाठोपाठ दोन बादल्या, पुढच्या बादलीला साधारण २० मिनिटं.' ही ओळ आल्यापासून ती तक्रार पुन्हा आलेली नाही असं वहिनी म्हणतात. गिझर तोच आहे, हे लक्षात घ्या.

जिन्याच्या पायऱ्या मोजा, कठडा आहे का बघा. बाल्कनीत उभं राहून नाही, खुर्चीत बसून काय दिसतं ते बघा आणि तिथूनच फोटो काढा. आणि एकदा रात्री अकरानंतर आणि एकदा पहाटे रूममध्ये थांबा. मला २०५ मध्ये पहाटे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज स्पष्ट आला, २०१ मध्ये अजिबात नाही. दिवसा हे कळलंच नसतं.

एकाच नावाखाली वेगवेगळ्या रूम निघतात तेव्हा

शीट भरली की हे होणारच. इथं वरच्या मजल्यावरच्या २०१ ते २०५ या पाचही रूम 'डिलक्स सी व्ह्यू' म्हणून विकल्या जात होत्या. हॉटेल आणि समुद्र यांच्या मधे सुरूची झाडं आहेत. २०१ आणि २०२ मधून बसल्याजागी झाडांच्या मधून समुद्राचा पट्टा दिसतो. २०३ मधून दिसतो, पण बाल्कनीच्या उजव्या कोपऱ्यात उभं राहिलं तर. २०४ आणि २०५ चं तोंड पूर्वेला, समोर नारळी-पोफळीची वाडी आणि मग रस्ता. समुद्र फक्त ऐकू येतो. म्हणजे पाचातल्या दोन रूमना ते नाव शोभतं आणि तीन रूमवाले पाहुणे चिडतात.

शब्दांनी हे झाकता येत नाही. 'पार्शल सी व्ह्यू' वगैरे लिहून झाकायचा प्रयत्न करणारे खूप आहेत, पण वाचणारा 'सी व्ह्यू' एवढंच वाचतो. दोन रस्ते आहेत. एक, प्रकार एकच ठेवायचा आणि पाचही रूममध्ये जे नक्की आहे तेवढंच लिहायचं, समुद्र काढून टाकायचा, दिसला तर पाहुण्याचं नशीब. दोन, प्रकार फोडायचा. आम्ही फोडला: २०१ आणि २०२ 'डिलक्स, समुद्राच्या बाजूची', आणि २०३, २०४, २०५ 'डिलक्स, बाल्कनीसह'. २०३ ला मुद्दाम खालच्या प्रकारात टाकलं. तिथं राहिलेल्या माणसाला कोपऱ्यातून समुद्र दिसला की तो खूश होतो, रिव्ह्यूमध्ये लिहितो सुद्धा, तेच वरच्या प्रकारात ठेवली असती तर त्यानं भांडण केलं असतं.

इथं एक धोक्याची सूचना, कारण मी स्वतः एकदा दुसऱ्या एका ठिकाणी तोंडघशी पडलोय. वेबसाईटवर रूमचं फक्त दिसणारं नाव बदलणं वेगळं आणि बुकिंग सिस्टिममध्ये नवा रूम प्रकार तयार करणं वेगळं. नवा प्रकार केला की तो चॅनेल मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळ्या बुकिंग साईट्सवरच्या रिकाम्या रूमचा हिशोब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक साईटवरच्या प्रकाराशी जोडावा लागतो, ज्याला मॅपिंग म्हणतात ते. ते राहिलं तर तुमच्या साईटवर रूम विकली जाते आणि दुसऱ्या साईटवर तीच रूम रिकामी दिसत राहते. शनिवारी रात्री एका रूमचे दोन मालक दारात उभे. त्यामुळं प्रकार फोडायचाच असेल तर गर्दी नसलेल्या आठवड्यात करा, आणि झाल्यावर एक खोटं बुकिंग टाकून दुसरीकडं रूम कमी झाली का ते बघा. मगच मजकूर बदला.

साचा

आता लिहायचं काम. सगळ्या प्रकारांना एकच साचा, त्याच क्रमानं, एकाही ओळीचा अपवाद नाही. माणूस मोबाईलवर दोन रूम मागेपुढे करून बघत असतो, एकीकडं बेड पहिल्या ओळीत आणि दुसरीकडं सहाव्या ओळीत असला की तो शोधत बसत नाही, फोन करतो किंवा निघून जातो.

आमचा साचा असा ठरला. वर नाव. मग दोन वाक्यं, जास्तीत जास्त तीन, ज्यात ही रूम कुणाला बरी पडेल आणि बाकीच्या रूमपेक्षा वेगळं काय ते. मग ठरलेल्या ओळी: बेड, जागा, किती जण, बाहेर काय, बाथरूम, गरम पाणी, एसी आणि लाईट, मजला, नाही. शेवटची ओळ 'नाही' म्हणजे या रूममध्ये काय नाही. हो, ती ओळ सगळ्या रूमना आहे.

ओळीला उत्तर नसेल तरी ओळ गाळायची नाही. स्टँडर्डला बाल्कनी नाही, तर 'बाहेर काय' या ओळीत 'बाल्कनी नाही, खिडकी अंगणाकडं' असं लिहायचं. ओळ गाळली की वाचणाऱ्याला वाटतं लिहायचं राहिलं असेल, असेलच बाल्कनी.

शब्दही ठरवून टाका आणि एका कागदावर लिहून भिंतीला लावा. आमच्याकडं जुन्या मजकुरात एकाच गोष्टीला बाथरूम, वॉशरूम, प्रसाधनगृह आणि टॉयलेट असे चार शब्द होते आणि वाचून असं वाटायचं की फॅमिली रूमला चार संडास आहेत. आम्ही 'बाथरूम' ठेवला आणि आत काय ते 'कमोड' असं स्पष्ट. फूट असेल तर सगळीकडं फूट, मधेच मीटर नको. आकडे मराठी तर मराठीच. 'एक्स्ट्रा बेड' हा शब्द पूर्ण बंद, कारण तिथं बेड नसतो, गादी असते, आणि बेड समजून आलेले आजोबा जमिनीवरून उठू शकत नाहीत. 'जमिनीवर गादी' लिहायचं. आणि जेवणाच्या प्लॅनची ती अक्षरं, सीपी, एमएपी वगैरे, ती हॉटेलवाल्यांची आपसातली भाषा आहे, 'नाश्ता धरून' असं दराशेजारी लिहा, रूमच्या वर्णनात त्याला जागा नाही.

विशेषणं कशी काढायची

नुसती काढून टाकली तर वर्णन उघडंबोडकं होतं आणि मालक घाबरतात, म्हणून मी पेन्सिल घेऊन प्रत्येक विशेषणाला प्रश्न विचारतो: किती? कशामुळं? कुणाला? उत्तर मिळालं तर विशेषण काढून त्या जागी उत्तर लिहायचं, नाही मिळालं तर विशेषण जातं आणि त्या जागी काहीही येत नाही.

जुन्याच वाक्यावर चालवून दाखवतो. 'प्रशस्त': किती? १४ बाय ११. लिहा. 'आरामदायी बेड': कशामुळं? दादा म्हणाले गाद्या कापसाच्या होत्या त्या बदलून मागच्या वर्षी फोमच्या आठ इंची केल्या. हे किती महत्त्वाचं आहे आणि कुठंच लिहिलेलं नव्हतं! ज्याची कंबर दुखते तो हेच शोधत असतो, आणि ज्याला कडक गादी लागते त्यालाही कळायला हवं. 'अत्याधुनिक बाथरूम': कशामुळं? बराच वेळ शांतता. मग दादा म्हणाले, नवीन टाईल्स. मी विचारलं घसरतात का, तर म्हणाले नाही, खरबरीत आहेत, आईसाठी मुद्दाम तशा घेतल्या. तर 'न घसरणाऱ्या टाईल्स' आलं आणि 'अत्याधुनिक' गेलं. 'आलिशान' ला काहीच उत्तर नाही, गेलं. 'प्रसन्न वातावरण', गेलं. 'अविस्मरणीय' हे तर पाहुण्यानं ठरवायचं.

सगळी विशेषणं वाईट नसतात, हे पण सांगतो, काही लोक एकदा कात्री हातात आली की 'लाकडी' सुद्धा कापतात. 'पूर्वेकडची खिडकी', 'जाळीचं दार', 'लाकडी माळा' यातलं विशेषण काढलं तर माहिती जाते. डासांच्या गावात 'जाळीचं' हा शब्द सोन्याचा आहे.

विशेषणापेक्षा चोरटी गोष्ट म्हणजे रिकामं वाक्य, त्यात विशेषण नसतंच. 'येथे आपण आपल्या कुटुंबासोबत निवांत वेळ घालवू शकता.' याला अदलाबदलीची चाचणी लावा. वाक्य उचलून दुसऱ्या रूमखाली ठेवा, तिथंही तितकंच खरं वाटतंय? मग ते या रूमचं वाक्य नाही. ते हॉटेलच्या पानावर जाईल किंवा कचऱ्यात. माझ्या हिशोबानं जुन्या मजकुरातलं एकही वाक्य या चाचणीत टिकलं नाही.

टाइप केलेलं झालं की `Ctrl+F` मारून तुमच्या ठरलेल्या शब्दांची यादी शोधा: प्रशस्त, सुसज्ज, आलिशान, आरामदायी, नयनरम्य, सर्व सोयींनी, वसलेल्या. एक सापडला की शेजारी दुसरा असतोच. आणि 'इत्यादी' शोधा. 'टीव्ही, कपाट इत्यादी' मधलं इत्यादी म्हणजे बघायला गेला नव्हतात.

तयार झालेलं वर्णन

समुद्राच्या बाजूच्या डिलक्सचं शेवटी हे झालं, जसंच्या तसं देतो:

"डिलक्स, समुद्राच्या बाजूची (२ रूम)

वरच्या मजल्यावरच्या दोन रूम. बाल्कनीत बसलं की सुरूच्या झाडांमधून समुद्राचा पट्टा दिसतो, मधे रस्ता नाही त्यामुळं रात्री गाड्यांचा आवाज येत नाही. दोन मोठी माणसं आणि एक-दोन मुलं असतील तर ही घ्या, जिना चढवत नसेल तर खालची स्टँडर्ड बघा.

बेड: ६ बाय साडेसहा फूट, आठ इंची फोमची गादी
जागा: खोली १४ बाय ११ फूट, बाल्कनी १० बाय ४ फूट
किती जण: ३, तिसऱ्याला जमिनीवर गादी (गादी टाकल्यावर बाल्कनीचं दार निम्मं उघडतं), शिवाय पलंगावर मावेल असं एक लहान मूल
बाहेर काय: पश्चिमेला बाल्कनी, दोन खुर्च्या, कपडे वाळवायला दोरी
बाथरूम: ७ बाय ५ फूट, कमोड, शॉवर, न घसरणाऱ्या टाईल्स
गरम पाणी: १५ लिटर गिझर, एकापाठोपाठ दोन बादल्या, पुढच्या बादलीला साधारण २० मिनिटं
एसी आणि लाईट: एसी आहे, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा, दिवे आणि चार्जिंग चालतं, एसी चालत नाही
मजला: पहिला, १९ पायऱ्या, एका बाजूला कठडा, लिफ्ट नाही
नाही: फ्रीज, बाथटब"

बाथटब हा आमचा आपसातला विनोद होता, दादांनी ठेवायलाच लावला. नंतर मी काढला, कारण 'नाही' या ओळीत फक्त अशाच गोष्टी घालाव्यात ज्या माणूस त्या दराच्या रूममध्ये असतील असं गृहीत धरतो. फ्रीज धरतो. बाथटब गुहागरात कोणी धरत नाही.

'एवढं खरं सांगितलं तर येणार कोण'

दादांचा मोठा आक्षेप हाच होता, आणि तो अगदीच चुकीचा नाही. उणी बाजू सांगायची पण कुठं आणि कशी याला पद्धत आहे. वरच्या दोन वाक्यांत उणं घालून सुरुवात करू नका, ते ठरलेल्या ओळीत जिथं त्याची जागा आहे तिथं येऊ दे. माफीच्या सुरात लिहू नका, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत पण' वगैरे नको, सरळ सांगा आणि जमलं तर शेजारी उपाय द्या. २०५ च्या आवाजाचं आम्ही 'बाहेर काय' मध्ये असं लिहिलं: 'यातल्या एका रूममध्ये (२०५) पहाटे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येतात, शांत रूम हवी असेल तर बुकिंग करताना २०३ किंवा २०४ मागा.' आता लोक खरंच नंबर सांगून मागतात. २०५ ही रिकामी राहत नाही, पहाटे उठून मासळी बघायला जाणारी मंडळी घेतात, त्यांना काय फरक पडतो.

काय मात्र लिहू नये: जे तुम्ही आठवड्याभरात दुरुस्त करणार आहात ते. नळ गळतोय तर नळ बदला, वर्णनात घालू नका. आणि जे रोज बदलतं तेही नको. वायफायचा स्पीड मी मुद्दाम आकड्यात दिला नाही, 'रूममध्ये मिळतं' की 'फक्त खाली रिसेप्शनपाशी' एवढंच, तेही हॉटेलच्या पानावर.

टाकण्याआधी तपासणी

छापील कागद घेऊन रूममध्ये जा आणि ओळ न ओळ हात लावून तपासा. हे लिहिणाऱ्यानं करायचं नाही, दुसऱ्यानं. आमच्याकडं साफसफाई करणाऱ्या मावशींनी केलं आणि दोन चुका पकडल्या: १०३ मध्ये टीव्ही भिंतीवरून काढून दुरुस्तीला गेलाय तो परत आलेलाच नाही, आणि फॅमिली रूम २०६ मध्ये दुसरा पलंग सिंगल आहे, मी डबल लिहिला होता कारण १०५ वरून मजकूर उतरवला होता. कॉपी-पेस्टची ही चूक हमखास होते, तेवढ्यासाठी प्रत्येक रूमची वेगळी ओळ असलेली ती शीट जपून ठेवा.

फोटो मजकुराशी जुळतात का बघा. आमच्या डिलक्सच्या पानावरचा पहिला फोटो फॅमिली रूमचा होता, जास्त मोठी दिसते म्हणून. मग बुकिंग साईट्सवरचा मजकूर बदला, तो बहुतेक सगळे विसरतात, आणि पाहुणा तिथलं '२८० स्क्वेअर फूट' घेऊन तुमच्या दारात येतो. शेवटी मोबाईलवर उघडा. आमच्या साईटवर मोबाईलमध्ये पहिल्या दोनच ओळी दिसत होत्या आणि मग 'अधिक वाचा', त्यामुळं पहिल्या वाक्यात समुद्र, मजला आणि कुणासाठी हे बसवण्यासाठी मला ते वाक्य सहा वेळा लिहावं लागलं.

वर्षातून दोनदा शीट घेऊन परत फिरायचं असं आम्ही ठरवलंय, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या आधी. पावसात बाल्कनीत खुर्च्या ठेवता येत नाहीत, पश्चिमेचा मारा थेट आत येतो, त्यामुळं जूनमध्ये ती ओळ बदलते. बदल आधी शीटमध्ये, तारीख घालून, मग साईटवर, मग बुकिंग साईट्सवर, या क्रमानं.

परवाच वहिनींचा मेसेज आला: "२०२ मधली एक खुर्ची मोडली. वेबसाईटवर 'दोन खुर्च्या' आहे ते 'एक' करता का?" मी म्हटलं, वहिनी, खुर्ची आणा.